मांडीखालचं धोतर

भजी कुरकुरीत कशी होतात हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विचारणारे रोज भेटतात. कुणी म्हणतं, "मावशी, सोडा किती घालता?" कुणी म्हणतं, "तेल कुठलं वापरता?" मी आपली हसते आणि म्हणते, "हाताचा गुण असतोय." हाताला कसला गुण येतोय डोंबलाचा! गुण असतो फडक्याला. हे वाक्य मी जिला वेळेवर सांगायला हवं होतं तिला सांगितलं नाही, आणि आता सांगून उपयोग नाही.

आमचा गाडा सोलापुरात, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत. आधी तो सासूचा होता. सासू कांदाभजी, मिरची आणि अख्ख्या पानाची पालकभजी काढायची. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, ही शिकवेल. कसलं काय! पीठ कालवताना ती माझ्याकडं पाठ करायची. माझी पानं मऊ पडली की कढईतला गरम झारा माझ्या मनगटावर टेकवायची, चटका बसेल इतकाच, जास्त नाही. "कळलं का?" म्हणायची. काय कळणार? मला ते वर्षभरानं माझं मीच कळलं, आणि कळलं तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती. मी तिला मुद्दाम माझ्या हातचं एक पान नेऊन दिलं. तिनं चावलं, कुरर्र आवाज झाला, आणि म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं.

तर गोष्ट एवढीशीच आहे. पालकाची पानं धुवायची, माती जाईस्तोवर दोन-तीन पाण्यातून काढायची. मग प्रत्येक पान दोन्ही अंगांनी पुसायचं. देठापाशी जी खोबण असते तिथं पाणी लपून बसतं, तिथं फडक्याचं टोक घालायचं. मग जुन्या मऊ सुती कापडावर पानाला पान न लागता पसरायची आणि तासभर वारं लागू द्यायचं. माझ्याकडं सासऱ्याचं जुनं धोतर होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. त्यानंतर मग पीठ. बेसनात दोन मुठी तांदळाचं पीठ, चुरडलेला ओवा, तिखट, मीठ, हळद, सोडा नखावर राहील इतकाच, नाहीतर पान तेल पितं. पीठ पातळ हवं, इतकं की पान बुडवून उचललं तर पिठातून हिरवं दिसलं पाहिजे. तेलात थेंब टाकायचा. तो तळाला बसून राहिला तर तेल थंड, लगेच काळा पडला तर जास्त तापलं, आणि बुडून फसफसत वर आला तर बरोबर. कढईत गर्दी करायची नाही. बुडबुडे कमी झाले की काढायची आणि चाळणीत उभी ठेवायची, एकावर एक रचली की आपल्याच वाफेनं मरतात.

यातलं सगळं बघून शिकता येतं. पुसणं तेवढं कुणाला दिसत नाही, कारण गिऱ्हाईक येतं तेव्हा पानं कोरडीच असतात. मेथीचंही तसंच, आणि मेथीला तर आधी मीठ लावलं की ती स्वतःच पाणी सोडते. पण पातळ पिठाची खरी परीक्षा पालकाची. ओल्या पानावर पातळ पीठ धरतच नाही. घसरून तेलात जातं, पाणी तडतडतं, तेल थंड होतं आणि पान चिंधीसारखं लोळतं.

सासू जाऊन बरीच वर्षं झाल्यावर एका फाल्गुनात माझी नणंद घरी आली. यांची धाकटी बहीण. वेळापूरच्या पुढं एका वस्तीवर दिली होती, शेरडं-मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. सहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं मारून घालवली होती. एक पिशवी, एक मोबाइल, त्याचीही काच फुटलेली. पाठीवर काय होतं ते मी अंघोळीच्या वेळी पाहिलं. पाहून मला वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं होतं.

मी नवी नवरी असताना हीच वन्सं चौदा वर्षांची होती, आईच्या डोक्यावर बसलेली. माझ्या हातचा पहिला स्वयंपाक पंगतीला वाढला तर हिनं एक घास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, वैनीनं म्हशीचं आंबोण माणसाला वाढलं की गं!" सगळी पंगत हसली. हेसुद्धा हसले. मी तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायले. बाई पाणी पिऊन गिळते तेवढं सगळं पचतं असं लोकांना वाटतं.

सासरची माणसं आठ दिवसांनी तिला न्यायला येणार होती. "नांदायची असेल तर पाठवा, नाहीतर दुसरी करतो," असा निरोप होता. इकडं यांना होटगी रोडला टॉवेल-चादरीच्या एका कारखान्याच्या दारात दुसरा गाडा लावायला मिळत होता. कामगारांची चहाची सुट्टी चार वाजता. तिथला मुकादम म्हणाला होता, "पालकभजी खाऊन बघतो. चांगली असतील तर जागा तुमची." हे मला म्हणाले, "हिला शिकव. हिला जमलं तर हिला तितं उभी करतो आणि त्यांना सांगतो, न्हाय पाठवत जावा. न्हाय जमलं तर मग... मी किती दिवस पोसू?"

नणंद मोरीपाशी भांडी घासत होती. तिनं हे ऐकलं. ती राखेच्या हातानंच माझ्याजवळ आली. "वैनी, मला शिकवा. तुमी जे सांगाल ते करते. मला तितं परत न्हाय जायचं वो."

"शिकवते की वन्सं," मी म्हटलं. "त्यात काय एवढं!"

आणि मी शिकवलं, खोटं अक्षर एक नाही. गाड्यामागं आमची पत्र्याची खोली आहे. मी सकाळी सातला तिथं जायची, पानं धुवायची, पुसायची, धोतरावर पसरायची. तिला सांगितलं होतं, "घरचं पाणी, भाकरी आवरून दहाला या." ती बिचारी दहाला यायची, तोवर पानं परातीत रचलेली आणि धोतर घडी करून पिठाच्या डब्याखाली. मग मी तिला पीठ दाखवायची, थेंब दाखवायची, कढईत किती सोडायची, कधी उलटायची, सगळं. यांनासुद्धा पानं पुसायची हे ठाऊक नव्हतं. पुरुषमाणसाला ताट तेवढं दिसतं, त्याच्या मागचं काही दिसत नाही.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम लपवलं असं मला वाटत नाही. सवय होती, एवढंच. तिसऱ्या दिवशी मात्र मला कळत होतं की मी लपवतेय.

वन्सं हुशार निघाली. चौथ्या दिवशी तिची पानं माझ्यापेक्षा देखणी व्हायला लागली. पान देठाला धरून पिठात असं फिरवायची की एक थेंब जास्त नाही. गिऱ्हाइकांशी बोलायचीही गोड. शेजारच्या चौकातली एक तेलुगु बोलणारी म्हातारी रोज माझ्याकडून दोन भजी घ्यायची, ती आता हिच्याकडं हात करायला लागली. हसायलाही लागली होती वन्सं. आली तेव्हा तिला हसता येत नव्हतं. एकदा मला म्हणाली, "वैनी, मी लहानपणी तुमाला लई वाईट बोलले होते. आठवतंय का?" मी म्हटलं, "छे, कुठलं काय." आठवत नाही म्हणणं हा सूड घ्यायचा चांगला मार्ग आहे, समोरच्याला माफीही मागता येत नाही.

आठव्या दिवशी परीक्षा. मी सकाळी ते धोतर पिशवीत घातलं. कुणी काही म्हणो, देवाशप्पथ सांगते, तिला द्यायचं म्हणूनच घातलं होतं. मनात ठरवलं होतं, तिथं गेल्यावर सहज म्हणायचं, "अगं बाई, हे राहिलंच की, पानं पुसून घ्या आधी." आठ दिवस लपवलेलं एका वाक्यात सांगून टाकायचं, म्हणजे कुणाला कळणारही नाही.

रिक्षात आम्ही तिघं. मांडीवर पीठ, पायात तेलाचा डबा. हे खुशीत होते. बहिणीकडं बघून म्हणाले, "हिचा हात तुझ्यापरीस हलका हाय बरं का. हिचा हितं जम बसला की स्टँडचा गाडाबी हिच्याकडंच देऊ. तू आता घर बघ. लई वर्सं उभी राहिलीस."

वन्सं लाजली. "काय तरीच काय दादा," म्हणाली, पण तिला बरं वाटलं होतं ते दिसत होतं.

मी बाहेर बघत होते. माझ्या मनगटावर सासूच्या झाऱ्याचे डाग आहेत. वर्षभर चटके खाऊन जी जागा मी मिळवली ती हिला आठ दिवसांत, आणि मला काय, तर घर बघ! आयत्या बिळावर नागोबा. आणि ज्या हाताचं हे कौतुक करत होते त्या हातातली पानं रोज सकाळी मी पुसून ठेवत होते.

कारखान्याच्या दाराशी यांनी भाड्यानं ठरवलेला गाडा उभा होता. वन्संनं कोपऱ्यावरून पालकाच्या ताज्या दोन जुड्या आणल्या, बादलीत धुतल्या. झटकल्या, चांगल्या दोन-तीनदा झटकल्या. मी उलट्या क्रेटवर बसले होते. पिशवीतून धोतर काढलं, घडी केली आणि मांडीखाली घेतलं. क्रेट टोचतो म्हणून घेतलं असं कुणाला वाटलं असेल. कुणी बघतही नव्हतं.

पहिलं पान पिठात घालण्याआधी ती थांबली. तिच्या हाताला ते कळलं असणार. पानाचा ओलेपणा बोटांना लागतोच. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, सरळ विचारलं, "वैनी, एवढी निथळली की बास का?"

मला फक्त उठायचं होतं.

"तुमाला सगळं दाखवलंय की वन्सं," मी म्हटलं. "तुमच्या हाताला काय वाटतंय ते बघा."

तिनं पान बुडवलं आणि सोडलं. कढई तडतडली, तेल उडालं, तिच्या मनगटावर आलं. ती मागं सरली नाही. पीठ पानावरून घसरून तेलात वेगळंच तरंगायला लागलं. तिला वाटलं पीठ पातळ झालं, म्हणून मूठभर बेसन घातलं. मग वरून जाड झालं आणि आत कच्चं. तिनं आच वाढवली तर कडा जळल्या. पाच वाजले असतील असं मला वाटलं, पण घड्याळात चार वाजायला अजून दहा मिनिटं होती.

मुकादमानं एक पान उचललं. ते बोटात वाकलं. एक घास खाल्ला, बाकीचं ताटात ठेवलं, रुमालाला हात पुसला. चांगला माणूस होता, काही वाईट बोलला नाही. "चहाचा गाडा लावायचा असेल तर या कधी इकडं," एवढंच म्हणाला. कामगार बाहेर आले, बघून शेजारच्या वडापावकडं गेले.

यांनी उरलेली भजी गटारीत ओतली. "तुझ्या हाताला गुणच न्हाय," बहिणीला म्हणाले. "गाड्यावर वैनी करती तवा बघून बघून जमत हुतं, एकटीला न्हाय जमत. जा तू आपली."

तिच्या मनगटावर फोड उठले होते, त्यावर मी तूप लावलं. माझा हात तिच्या हातावर होता आणि ती म्हणत होती, "वैनी, तुमी एवढं शिकवलं आन् मी घाण केली." मी तूप लावत राहिले. दुसऱ्या दिवशी तिचा दीर आला आणि ती पिशवी घेऊन त्याच्या मोटरसायकलवर मागं बसली. वळून बघितलंसुद्धा नाही, कारण रडत होती.

मला तेव्हा काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. लपवण्यात काय अर्थ आहे! सकाळी सातला मी खोलीत गेले, धोतर झटकलं आणि पानं पसरली. स्टँडचा गाडा माझाच राहिला.

तिच्या नवऱ्यानं दुसरी केलीच. हिलाही ठेवली, कारण शेरडांमागं कुणीतरी हवं. दोन वर्षांनी दुसरीला मुलगा झाला, बारशाचं आवतण आलं. हे म्हणाले, "मला न्हाय तिचं तोंड बघवत, तू जाऊन ये." मी झबलं-टोपडं घेऊन गेले.

वस्तीवर पोचले तर नणंदेची सासू ओरडली, "सोलापूरची भज्यावाली आलीया, भजी करा गं तिला!" शेतातला पालक होता. भजी करायला बसवलं कुणाला, तर हिलाच. मी तिच्या शेजारी पाट घेऊन बसले. तिनं तांब्यातल्या पाण्यानं पानं धुतली, झटकली. पाणी देठातून टपटपत होतं. कढई तापल्यावर ती अंग वाकडं करून, हात लांब करून पान सोडत होती. तडतड झाली की तोंड फिरवायची. सवयीचं झालं होतं ते. कोपरापर्यंत हातावर ठिपके ठिपके होते, नवे आणि जुने.

"हिच्या हाताला गुणच न्हाय," दुसरी बाळ घेऊन दारात उभी राहून म्हणाली. "रोज करती आन् रोज घाण करती."

"खरंच न्हाय गुण," वन्सं हसून म्हणाली. तिच्या भावाचं वाक्य तिनं सांभाळून ठेवलं होतं. मग दुसरी आत गेल्यावर माझ्याकडं सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "वैनी, मी तुमी दाखवलं तसंच सगळं करते. पीठ पातळ, थेंबबी बघते. माझं चुकतं तरी काय वो? एकदा सांगा की."

माझ्या खांद्यावर सुती टॉवेल होता. प्रवासात घाम पुसायला घेतलेला.

एक शब्द होता. पुसा. पण तो शब्द ऐकला की ती लगेच मागं गेली असती, त्या आठ दिवसांत, त्या उलट्या क्रेटपाशी. वेडी नव्हती ती. परातीतली रचलेली कोरडी पानं तिला आठवली असती, "दहाला या" आठवलं असतं, मी मांडीखाली काय घेतलं होतं तेही आठवलं असतं. सगळ्या जगात तिला एकच माणूस आपल्याशी वाईट वागलं नाही असं वाटत होतं, आणि ते माणूस मी होते.

"तेल जरा अजून तापू द्या," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवून आच मोठी केली आणि पुढचं ओलं पान सोडलं. या वेळी तेल गालापर्यंत उडालं. तिनं पदरानं गाल टिपला आणि झारा घेऊन पान उलटलं.

मी चार भजी खाल्ली. मऊ होती, आत गिळगिळीत. "झालीत की चांगली," मी म्हटलं. तिचा चेहरा असा उजळला की मला तिथं बसवेना. निघताना तिनं कागदात बांधून दिली. "दादाला द्या. म्हणावं, वैनीला आवडली."

संध्याकाळी गाड्यावर यांनी पुडी उघडली. एक तोंडात टाकलं, चावलं, आणि उरलेलं कागदातच गुंडाळून ठेवलं.

"मऊ," हे म्हणाले. "अजून हाताला गुण न्हाय तिच्या. तुझी सर न्हाय येणार तिला कधी."

गिऱ्हाईक उभं होतं. मी परातीतलं कोरडं पान देठाला धरून उचललं, पिठात फिरवलं आणि तेलात सोडलं. काही तडतडलं नाही.